चाळीस पैसे कसे द्यायचे?

समजा १९८५ साल आहे. साठ पैशांची एखादी वस्तू घेऊन गिऱ्हाईक रुपयाचं नाणं पुढे करतं. दुकानदाराच्या गल्ल्यात पाच, दहा, वीस, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी भरपूर आहेत. त्याला चाळीस पैसे परत द्यायचेत आणि शक्य तितक्या कमी नाण्यांत द्यायचेत, म्हणजे चिल्लर पुरवून वापरता येईल.

सवयीचा हात आधी मोठ्या नाण्याकडे जातो. पन्नास जास्त होतात, म्हणून पंचवीस उचलायचे. उरले पंधरा. वीस चालत नाहीत, म्हणून दहा. उरले पाच, ते पाचाच्या नाण्याने भागतात. पंचवीस, दहा, पाच अशी तीन नाणी झाली. पण विसाची दोन नाणी दिली असती तर काम दोनांतच झालं असतं.

मोठ्या नाण्यापासून सुरुवात करायची, बसेल तितक्या वेळा ते घ्यायचं, मग त्याच्या खालच्याकडे वळायचं, ही रीत आपल्याला कोणी शिकवत नाही. हिशेब करता करता ती हाताला लागते. संगणकशास्त्रात तिला ‘ग्रीडी’ म्हणजे हावरी रीत म्हणतात, कारण ती दर पायरीवर समोरचा सगळ्यात मोठा घास घेते आणि पुढे काय उरेल याचा विचार करत नाही. आजच्या आपल्या चलनात ही रीत कधीच चुकत नाही. १९६८ नंतरच्या भारतीय नाण्यांत मात्र ती चुकत होती, आणि का चुकत होती ते अगदी नेमकं सांगता येतं.

आधी ती जिथे चुकत नाही तिथे पाहू. आज आपल्याकडे १, २, ५, १०, २०, ५०, १००, २०० आणि ५०० रुपयांची नाणी व नोटा आहेत. सोयीसाठी सगळ्यांना नाणीच म्हणू. एखादी रक्कम कमीत कमी नाण्यांत दिली आहे असं समजा. त्या ढिगात काय काय असू शकत नाही? एकाची दोन नाणी असू शकत नाहीत, कारण त्यांच्या जागी दोनाचं एक आलं असतं. दोनाची तीन नाणी असू शकत नाहीत, कारण सहा रुपये पाच आणि एक अशा दोन नाण्यांत होतात. दोनाची दोन आणि सोबत एकाचं एक असंही चालत नाही, कारण ते तिन्ही मिळून पाच होतात. म्हणजे एक आणि दोनाची नाणी मिळून चार रुपयांच्या वर जाऊच शकत नाहीत. पाचाची दोन नाणी असू शकत नाहीत, कारण दहाचं नाणं आहे. म्हणून दहापेक्षा लहान सगळी नाणी मिळून फार तर नऊ रुपये.

हाच विचार एक शून्य वाढवून पुढे नेता येतो. दहाची दोन नकोत, विसाची तीन नकोत, विसाची दोन आणि दहाचं एक नको. म्हणून दहा-विसाची नाणी मिळून फार तर चाळीस, त्यात खालचे नऊ मिळवले तर एकोणपन्नास. आता कोणी पन्नास किंवा त्याहून जास्त रुपये मागितले, तर पन्नासापेक्षा लहान नाण्यांनी एकोणपन्नासाच्या पुढे पोचता येत नाही. पन्नास किंवा त्याहून मोठं नाणं घ्यावंच लागतं. प्रत्येक पायरीवर हेच घडतं: लहान नाणी मिळून, काटकसरीने वापरली तर, मोठ्या नाण्याच्या एक रुपया अलीकडे थांबतात. म्हणून मोठं नाणं आधी उचलण्यात चूक होण्याची शक्यताच उरत नाही. मला हा पुरावा फार आवडतो, कारण त्यात एकही रक्कम एकेक करून तपासावी लागत नाही. फक्त कुठल्या नाण्यांच्या जागी कमी नाणी ठेवता येतात एवढं पाहायचं.

आता आण्यांच्या काळात जाऊ. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. रुपया, अर्धा रुपया, पावली, चवली, आणा, अर्धा आणा, पैसा. यातलं प्रत्येक नाणं खालच्याच्या बरोबर दुप्पट. अशा माळेत तर विचार आणखी सोपा. कुठलंही लहान नाणं दोनदा आलं की त्या दोघांच्या जागी वरचं एक बसतं, म्हणून प्रत्येक लहान नाणं फार तर एकदाच येतं, आणि सगळी लहान नाणी मिळून वरच्या नाण्याला एक पैसा कमी पडतो. हावरी रीत इथे कधीच दगा देत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान नाणी स्वीकारली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे होत होते, दोन आण्यांचे साडेबारा, पण चार आण्यांचे बरोबर पंचवीस आणि आठ आण्यांचे बरोबर पन्नास. ही दोन नाणी जुन्या आणि नव्या हिशेबाला जोडणारी होती. पन्नास पैशांना आठ आणे आणि पंचवीस पैशांना चार आणे म्हणणं पुढे कित्येक दशकं टिकलं. नव्या व्यवस्थेत १, २, ५, १०, २५ आणि ५० पैसे आले. म्हणजे दहापर्यंत १-२-५ ही दशमान पद्धतीची चाल, आणि त्याच्या वर रुपयाचा अर्धा आणि पाव ही जुनी अर्ध्या-अर्ध्याची चाल.

दोन चालींचा हा जोड खरं तर अवघड होता, पण तो नीट बसला. पंचविसाला दहाने भाग जात नाही, तेव्हा धोका इथेच होता. दहाची तीन नाणी घेतली तर तीस होतात, पंचविसाच्या वर जातात. पण तीस म्हणजे पंचवीस आणि पाच, दोनच नाणी. म्हणून दहाची तीन कधी लागत नाहीत. दहाची दोन आणि पाचाचं एक घेतलं तर ते पंचवीसच होतात. मग उरतं काय? दहाची दोन आणि सोबत पाच सोडून बाकी लहान नाणी, ती फार तर चार पैशांची, म्हणजे चोवीस. पुन्हा एक पैसा अलीकडे. रीत सुखरूप.

यात पाच पैशांच्या नाण्याचं काम लक्षात घेण्यासारखं आहे. तेच नसतं, तर तीस पैसे हावऱ्या रीतीने पंचवीस, दोन, दोन, एक असे चार नाण्यांत दिले गेले असते, आणि दहाच्या तीन नाण्यांत मात्र ते सहज झाले असते. दहा आणि पंचवीस यांचं पटत होतं ते मधल्या पाचामुळे.

१९६४ मध्ये तीन पैशांचं षटकोनी अ‍ॅल्युमिनियमचं नाणं आलं. त्याने या हिशेबात काही बिघडलं नाही. मग १९६८ मध्ये वीस पैशांचं नाणं आलं, पिवळसर पितळी रंगाचं, त्यावर कमळ. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त याच किमतीचं नाणं निघालं, आणि १९८२ पासून अ‍ॅल्युमिनियमचं हलकं षटकोनी नाणं हातात खेळू लागलं. पंचवीस पैशांचं नाणं या सगळ्या काळात चालूच होतं. १९८८ मध्ये ते स्टेनलेस स्टीलचं झालं आणि त्यावर गेंडा आला. वीस आणि पंचवीस असे एकाच गल्ल्यात शेजारी नांदत होते.

आता मघाचीच तपासणी पुन्हा करू. पंचविसापेक्षा लहान नाण्यांत सगळ्यात मोठं आता वीस आहे. वीस आणि पाच एकत्र नकोत, त्यांच्या जागी पंचवीस येतात. वीस, वीस आणि दहा नकोत, ते पन्नास होतात. विसाची तीन घेतली तर साठ, म्हणजे पन्नास आणि दहा, दोनच नाणी. पण विसाची फक्त दोन घेतली तर? चाळीस होतात, आणि चाळीस एका नाण्यात देता येत नाहीत. या दोन नाण्यांच्या जागी काहीच बसत नाही. काटकसरीने वापरलेली लहान नाणी इथे पंचविसाच्या अलीकडे थांबत नाहीत, ती त्याला ओलांडून चाळिसावर जातात. पुराव्याचा सगळा भार ज्या एका गोष्टीवर होता तीच इथे निसटली.

पाचाच्या पटीतल्या रकमा रुपयापर्यंत तपासल्या तर रीत दोनच ठिकाणी चुकते: चाळीस आणि नव्वद. नव्वदला ती पन्नास, पंचवीस, दहा, पाच अशी चार नाणी देते, तर पन्नास आणि दोन विसाची अशी तीन पुरतात. बाकी सगळीकडे ती बरोबर येते. पासष्टला तर दोन्ही वाटांनी तीनच नाणी लागतात. एक, दोन, तीन पैशांची नाणीही धरली तर चाळीस ते चव्वेचाळीस आणि नव्वद ते चौऱ्याण्णव अशा दहा रकमा सापडतात. म्हणजे नव्व्याण्णव रकमांपैकी दहा. इतक्या थोड्या ठिकाणची चूक वापरताना सहज नजरेआड राहते, आणि अशा चुकीचा स्वभावच तो आहे. पैसे बरोबर मोजले जातात, कोणाचं नुकसान होत नाही, फक्त एक नाणं जास्त जातं.

दोष विसाचा होता की पंचविसाचा? माझ्या मते एकट्या कोणाचाच नाही. युरोच्या सेंटांत १, २, ५, १०, २०, ५० अशी नाणी आहेत, पंचवीस नाही, आणि तिथे रीत चुकत नाही. अमेरिकेत १, ५, १०, २५, ५० सेंट आहेत, वीस नाही, आणि तिथेही ती चुकत नाही. वीस म्हणजे रुपयाचा पाचवा हिस्सा, पंचवीस म्हणजे चौथा. दोन वेगळ्या वाटण्यांतून आलेले हे शेजारी इतके जवळजवळ आहेत की मोठा घेतला की लहानाला जागा उरत नाही.

हीच जोडी ब्रिटनमध्ये आपल्या आधी शंभराहून अधिक वर्षं होती. तिथे पौंडाचे २४० पेन्स, शिलिंगचे १२ पेन्स. हाफ क्राउन नावाचं नाणं अडीच शिलिंगचं, म्हणजे तीस पेन्सचं, पौंडाचा आठवा हिस्सा. १८४९ मध्ये दशमानाकडे जाण्याचं पहिलं पाऊल म्हणून फ्लोरिन काढलं, दोन शिलिंगचं, चोवीस पेन्सचं, पौंडाचा दहावा हिस्सा. तीस आणि चोवीस. पाचास चार हे प्रमाण आहे, आपल्या पंचवीस आणि विसाचं तंतोतंत तेच. चूकही तिथेच येते: चार शिलिंग, म्हणजे अठ्ठेचाळीस पेन्स द्यायचे तर हावरी रीत हाफ क्राउन, शिलिंग आणि सहा पेन्सचं नाणं देते, तर दोन फ्लोरिननी काम होतं. १९६९ च्या अखेरीस हाफ क्राउन चलनातून गेलं, आणि १९७१ मध्ये पौंडाचे शंभर पेन्स झाले. जुन्या अर्ध्या-पावाच्या हिशेबात दशमानाचं नाणं घुसलं की हा पेच पडतो, हे दोन्ही देशांत सारखंच दिसतं.

मग अशा चलनात बरोबर उत्तर काढायचं कसं? रीत अवघड नाही, फक्त धीर लागतो. मोठ्या रकमेवर एकदम झडप न घालता लहान रकमांची उत्तरं आधी लिहून ठेवायची. चाळीस पैशांसाठी असं होईल. पाच पैशांना एक नाणं, दहाला एक, पंधराला दोन, विसाला एक, पंचविसाला एक, तिसाला दोन, पस्तिसाला दोन. ही यादी समोर ठेवून चाळिसाला एकच प्रश्न विचारायचा: शेवटचं नाणं कोणतं? ते पाचाचं असेल तर आधी पस्तीस दिलेले असणार, त्याला दोन नाणी लागली, एकूण तीन. दहाचं असेल तर आधी तीस, दोन नाणी, एकूण तीन. पंचविसाचं असेल तर आधी पंधरा, दोन नाणी, एकूण तीन. विसाचं असेल तर आधी वीस, एक नाणं, एकूण दोन. चारांत सगळ्यात कमी दोन, तेच उत्तर. यादी अशीच वाढवत नेली की नव्वदही सुटतात: शेवटचं नाणं पन्नासाचं धरलं तर आधीचे चाळीस, ज्याचं उत्तर आपण नुकतंच दोन लिहिलं, म्हणजे एकूण तीन. प्रत्येक नवी रक्कम जुन्या उत्तरांच्या खांद्यावर उभी राहते. संगणकशास्त्रात याला ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. नाणी कशीही असोत, ही यादी चुकत नाही. तिची किंमत एवढीच की मधल्या सगळ्या रकमा भराव्या लागतात. हावरी रीत थेट उत्तरावर जाते, यादी पायरी पायरीने चढते.

एखाद्या देशाचं चलन हाती आलं तर त्यात हावरी रीत चालेल की नाही हे ओळखायचं कसं? वर केला तसा अदलाबदलीचा विचार करता येतो, पण नाणी विचित्र असली की तो गुंततो. दुसरा मार्ग म्हणजे यादी करून प्रत्येक रकमेला दोन्ही रीती लावून पाहणं. पण कुठपर्यंत? रकमा तर संपत नाहीत. डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झॅक्स या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की रीत कुठेतरी चुकत असेल, तर तिची पहिली चूक सगळ्यात मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेच्या आतच सापडते. आपल्या पैशांच्या नाण्यांत सगळ्यात मोठी दोन म्हणजे पन्नास आणि पंचवीस, बेरीज पंच्याहत्तर. पहिली चूक चाळिसावर, म्हणजे हद्दीच्या आतच. पंच्याहत्तरपर्यंत काही सापडलं नसतं तर पुढे शोधायचं कारणच नव्हतं. यामुळे न संपणारी तपासणी वहीच्या दोन पानांवर आली.

रीत चुकणारं चलन वाईटच, असं मात्र नाही. गणितज्ञ जेफ्री शॅलिट यांनी २००३ मध्ये अमेरिकन नाण्यांचा हिशेब मांडला. शून्य ते नव्व्याण्णव सेंटपर्यंतची प्रत्येक रक्कम सारखीच येते असं धरलं, तर १, ५, १०, २५ या नाण्यांनी सरासरी ४.७ नाणी परत द्यावी लागतात. चारच नाणी ठेवायची आणि सरासरी सगळ्यात कमी आणायची असेल, तर दहाच्या जागी अठरा सेंटचं नाणं आणावं लागेल. मग सरासरी ३.८९ वर येते. पण त्या १, ५, १८, २५ च्या संचात हावरी रीत मोडते. छत्तीस सेंटला ती पंचवीस, पाच, पाच, एक अशी चार नाणी देते, तर अठराची दोन पुरली असती. थोडी नाणी आणि सोपा हिशेब या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या विरुद्ध जातात. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी अठराचा पाढा आठवावा लागणार असेल, तर मी तरी दहाचं नाणंच ठेवीन.

आपली तीन पैशांपर्यंतची नाणी सत्तरच्या दशकात हळूहळू बंद होत गेली. वीस पैशांच्या नाण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या इतिहासात ते फारसं लोकप्रिय झालं नाही अशी नोंद आहे. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. कागदावर तरी आजचं चलन निर्दोष आहे.

कागदावर म्हणण्याचं कारण असं की वरचे सगळे पुरावे प्रत्येक नाणं हवं तितकं उपलब्ध आहे असं धरून चालतात. गल्ला तसा नसतो आणि एटीएमही तसं नसतं. समजा यंत्रात शंभराच्या नोटा संपल्या आणि फक्त ५०० व २०० च्या उरल्या. कोणी ११०० रुपये मागितले. हावऱ्या रीतीने पाचशेच्या दोन नोटा काढल्या की शंभर उरतात आणि पुढे वाट नाही. पण पाचशेची एकच नोट काढली तर उरलेले सहाशे दोनशेच्या तीन नोटांत बसतात. इथे रीत जास्त नोटा देते असं नाही, ती पैसे असूनही देता येत नाहीत असं सांगते, आणि ही चूक एका जास्त नाण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

अशा वेळी नियम बदलावा लागतो. दोनशेच्या नोटा कितीही काढल्या तरी शेकडे समच होतात. म्हणून रकमेतले शेकडे विषम असतील तर पाचशेच्या नोटाही विषमच हव्यात, सम असतील तर सम. त्या अटीत बसणाऱ्या सगळ्यात जास्त पाचशेच्या नोटा घ्यायच्या आणि उरलेलं दोनशेने भरायचं. १८०० ला पाचशेच्या तीन बसतात, पण शेकडे सम आहेत, म्हणून दोन घ्यायच्या आणि दोनशेच्या चार. या रीतीने शंभर आणि तीनशे सोडून शेकड्यातली प्रत्येक रक्कम देता येते. आणि दोनशेच्या तीनच नोटा उरल्या असतील, तर पाचशेच्या कितीही असल्या तरी १८०० देता येत नाहीत, १९०० मात्र पाचशेच्या तीन आणि दोनशेच्या दोन नोटांत लगेच होतात.